शीटमधला महिन्याचा हजेरीपट: टक्केवारी कशी काढायची आणि ७५ टक्क्यांखालची मुलं कशी ओळखायची

हजर दिवस भागिले कामाचे दिवस, की झाली टक्केवारी. हे सूत्र पाचवीतल्या मुलालाही येतं. तरीही महिनाअखेरीला एकाच वर्गाचे दोन शिक्षक दोन वेगळे आकडे घेऊन बसतात, आणि चूक बहुतेक वेळा खालच्या आकड्यात असते. महिन्याला ३१ दिवस, त्यातले रविवार गेले, सुट्ट्या गेल्या, पावसाने शाळा बुडाली, एखादी मुलगी महिन्याच्या मध्यात दाखल झाली. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी 'कामाचे दिवस' नेमके किती धरायचे, हे ज्या तक्त्यात पक्कं ठरलेलं असतं त्याच्या टक्केवारीवर विश्वास ठेवता येतो. म्हणून इथे सूत्रांपेक्षा त्या भाजकाबद्दल जास्त बोलणार आहे.

उदाहरण दहावीच्या वर्गाचं घेऊ, कारण राज्य मंडळाच्या दहावीला ७५ टक्के उपस्थितीची अट असते. महिना ऑगस्ट २०२५. सगळं गूगल शीट्समध्ये दाखवलं आहे. सूत्रं एक्सेलमध्येही अशीच चालतात, फक्त मेनूची नावं वेगळी असतात.

आधी शीटचा देश तपासा

नवी शीट उघडल्यावर File > Settings मध्ये जाऊन Locale पुढे India आहे ना, ते बघा. तिथे United States असेल तर तुम्ही लिहिलेला १ ऑगस्ट, म्हणजे `1/8/2025`, शीट ८ जानेवारी म्हणून वाचेल. तक्ता मुकाट्याने तयार होईल, पण रविवार सगळे चुकीच्या जागी पडतील.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. मराठी कीबोर्ड चालू असताना आकडे ७५ असे देवनागरीत उमटतात, आणि शीट त्यांना संख्या न समजता मजकूर समजू शकते. तारखा, टक्के आणि हजेरी क्रमांक इंग्रजी अंकांत टाका. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या खान्यात उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. मर्यादेचा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला तर तो मजकूर झाला आहे, आणि पुढे अख्खा वर्ग 'कमी' दिसायला लागेल.

सुट्ट्यांचं वेगळं पान

पहिलं पान महिन्याचं नाही, सुट्ट्यांचं करा. खाली + दाबून नवं पान घ्या आणि त्याला `सुट्ट्या` असं नाव द्या. A स्तंभात दुसऱ्या ओळीपासून तारखा, B मध्ये कारण. रविवार लिहायची गरज नाही. वर्षभराच्या सुट्ट्या शाळेच्या यादीवरून एकदाच उतरवायच्या, आणि आयत्या वेळी जाहीर झालेली सुट्टी त्याच दिवशी खाली जोडायची.

आपल्या उदाहरणातल्या शाळेला समजा ऑगस्टमध्ये १५ तारखेला स्वातंत्र्यदिन, १६ ला दहीहंडी आणि २७ ते ३० गणपतीची सुट्टी आहे. शिवाय १९ तारखेला मुसळधार पावसामुळे शाळा बंद राहिली. अशा सात तारखा या पानावर येतील. (१५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाची हजेरी काही शाळा मोजतात, काही मोजत नाहीत. तुमच्या मुख्याध्यापकांना विचारून ठरवा आणि वर्षभर तेच पाळा.)

महिन्याचं पान

आता `ऑगस्ट` नावाचं पान घ्या. A1 मध्ये 'महिना' लिहा आणि B1 मध्ये महिन्याची पहिली तारीख, `1/8/2025`. A2 मध्ये 'आवश्यक' लिहा आणि B2 मध्ये `75%`, टक्क्याच्या चिन्हासकट. नुसतं 75 लिहिलंत तर शीट त्याला ७५०० टक्के समजेल.

चौथी ओळ शीर्षकांची. A4 मध्ये 'क्रमांक', B4 मध्ये 'नाव'. C4 पासून AG4 पर्यंत ३१ खाने होतात, त्यांत तारखा येतील. पहिल्या खान्यात म्हणजे C4 मध्ये हे टाका:

```
=$B$1
```

D4 मध्ये खालचं सूत्र टाकून ते AG4 पर्यंत उजवीकडे ओढा:

```
=IF(C4="","",IF(MONTH(C4+1)=MONTH($B$1),C4+1,""))
```

महिना संपला की हे सूत्र थांबतं, त्यामुळे सप्टेंबरच्या पानावर AG4 आपोआप रिकामा राहील. या ओळीला Format > Number > Custom date and time मधून फक्त दिवसाचा आकडा आणि वार दिसेल असं स्वरूप द्या. C4 मध्ये शुक्रवार दिसायला हवा. दुसरा वार दिसला तर वर सांगितलेला देशाचा घोटाळा झाला आहे, पुढे जाऊ नका.

तिसरी ओळ या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक तारखेच्या डोक्यावर, शाळा भरली असेल तर 1 आणि नसेल तर 0. C3 मध्ये:

```
=IF(C4="",0,NETWORKDAYS.INTL(C4,C4,11,'सुट्ट्या'!$A$2:$A$150))
```

हे AG3 पर्यंत ओढा. मधला 11 म्हणजे आठवड्याची सुट्टी फक्त रविवारी. शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असणाऱ्या शाळेने तिथे 1 लिहावं. शनिवारी सकाळची अर्धी शाळा असते तिथे 11 च ठेवा, तो दिवस पूर्ण धरला जाईल.

आता या ओळीची बेरीज करून बघा. ऑगस्ट २०२५ मध्ये ३१ दिवस, रविवार पाच, सुट्ट्या सात, म्हणून उत्तर १९ यायला हवं. नवख्या माणसाने इथेच थांबून भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजून घ्यावं. हा आकडा बरोबर आला की अर्धं काम झालं.

खुणा चारच

पाचव्या ओळीपासून विद्यार्थी. साठ मुलांचा वर्ग धरून ६४ व्या ओळीपर्यंत जागा ठेवू. हजेरीच्या खान्यांत चारच खुणा वापरायच्या. हजर असेल तर `ह`, गैरहजर असेल तर `गै`, आजारपणाचा अर्ज आला असेल तर `र`, आणि विद्यार्थी त्या तारखेला पटावरच नव्हता तर `ना`.

C5:AG64 निवडून Data > Data validation मध्ये या चार खुणांची यादी द्या आणि चुकीची नोंद नाकारायचा पर्याय निवडा. हे कंटाळवाणं वाटेल, पण टाळू नका. कुणी `ह` नंतर चुकून एक जागा सोडली तर डोळ्याला ते `ह` च दिसतं, सूत्राला नाही. मूल हजर असून टक्केवारीत गैरहजर ठरतं आणि कारण शोधायला तासभर जातो.

रोजची हजेरी भरताना आधी त्या दिवसाच्या सगळ्या खान्यांत `ह` भरा आणि मग गैरहजर असतील तेवढेच बदला. चाळीस मुलांत चार-पाच खाने बदलावे लागतात.

`र` बद्दल एक शब्द. आजारी मुलाची रजा भाजकातून वगळायचा मोह होतो, कारण मूल खरंच तापाने पडलेलं असतं. तरी वगळू नका. रजा मंजूर असली तरी मूल वर्गात नव्हतं, आणि हजेरीपट तेवढंच सांगतो. उपस्थिती कमी असूनही सूट द्यायची का, हा निर्णय कागदपत्रं बघून वरच्या पातळीवर होतो. त्या वेळी `र` ची खूण कामाला येते: कमी पडलेल्या दिवसांपैकी किती आजारपणात गेले ते लगेच मोजता येतं. खुणेतून माहिती जपली जाते आणि टक्केवारीही खरी राहते.

हजर, दिवस, टक्के

AH4 मध्ये 'हजर', AI4 मध्ये 'दिवस', AJ4 मध्ये 'टक्के', AK4 मध्ये 'शेरा' आणि AL4 मध्ये 'रिकामे' अशी शीर्षकं द्या. AH5 मध्ये:

```
=COUNTIFS($C$3:$AG$3,1,$C5:$AG5,"ह")
```

म्हणजे डोक्यावर 1 आहे आणि खान्यात `ह` आहे असे दिवस मोज. नुसते `ह` का मोजले नाहीत? १९ ऑगस्टचंच बघा. सकाळी दहा-बारा मुलं भिजत शाळेत आली, त्यांची हजेरी लागली, आणि मग सुट्टी जाहीर झाली. नुसते `ह` मोजले तर त्या मुलांचा एक दिवस जास्त भरतो आणि उरलेल्यांची गैरहजेरी लागते. आता १९ तारीख सुट्ट्यांच्या पानावर टाकली की डोक्यावर 0 येतो आणि खाली काहीही लिहिलेलं असलं तरी तो दिवस हिशोबातून बाहेर जातो. खुणा पुसत बसायला नको.

AI5 मध्ये भाजक:

```
=COUNTIFS($C$3:$AG$3,1,$C5:$AG5,"<>",$C5:$AG5,"<>ना")
```

शाळा भरली होती, खाना रिकामा नाही आणि त्यात `ना` नाही, असे दिवस. हा आकडा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी वेगळा निघतो आणि तसाच निघायला हवा. समजा एक मुलगी बदलीच्या दाखल्यावर ११ ऑगस्टला वर्गात आली. त्याआधी शाळेचे आठ दिवस झाले होते, त्या आठ खान्यांत `ना`. उरलेल्या ११ दिवसांपैकी ती ९ दिवस आली, म्हणजे ८१.८ टक्के. सगळ्यांना सरसकट १९ ने भागणाऱ्या तक्त्यात हीच मुलगी ४७.४ टक्क्यांवर दिसली असती, आणि नव्या शाळेत आल्याआल्या तिच्या घरी चिठ्ठी गेली असती.

या पद्धतीचा एक तोटाही आहे. शिक्षक एखाद्या दिवशी खाना भरायला विसरले तर तो दिवस भाजकातून गुपचूप गळतो आणि टक्केवारी फुगते. त्याला आळा घालायला AL5:

```
=IF($B5="","",COUNTIFS($C$3:$AG$3,1,$C$4:$AG$4,"<="&TODAY(),$C5:$AG5,""))
```

आजपर्यंतच्या कामाच्या दिवसांपैकी किती खाने रिकामे राहिले ते इथे दिसतं. महिनाअखेरीला हा स्तंभ वरपासून खालपर्यंत शून्य हवा. एकाच मुलासमोर 1 असेल तर त्याचा खाना राहून गेला आहे. सगळ्यांसमोर 1 असेल तर अख्ख्या दिवसाची हजेरी राहिली आहे, किंवा तो दिवस सुट्टीचा होता आणि यादीत टाकायचा राहिला.

टक्के, AJ5:

```
=IF(AI5=0,"",AH5/AI5)
```

शंभराने गुणू नका, स्वरूप टक्क्यांचं द्या. आणि दशांशाचं एक स्थळ दिसू द्या, त्याचं कारण पुढे येईल.

'कमी' चा शेरा

AK5:

```
=IF(AI5<6,"",IF(AJ5<$B$2,"कमी",""))
```

मर्यादा सूत्रात न लिहिता B2 मधून घेतली आहे, म्हणजे हाच तक्ता ८० टक्क्यांची अट असलेल्या वर्गाला द्यायचा झाला तर एकच खाना बदलायचा. सुरुवातीचा 6 कशासाठी? महिन्याच्या २ तारखेला, दोन दिवसांपैकी एक दिवस न आलेलं मूल ५० टक्क्यांवर असतं. त्याला तेव्हाच लाल करण्यात अर्थ नाही. सहा दिवस भरेपर्यंत शेरा गप्प राहतो. तुमच्या वर्गाला चार बरे वाटले तर चार ठेवा.

AH5 ते AL5 निवडून ६४ व्या ओळीपर्यंत खाली ओढा. मग ओळ रंगवायची. A5:AK64 निवडा, Format > Conditional formatting उघडा, Custom formula is निवडा आणि हे लिहा:

```
=$AK5="कमी"
```

AK च्या आधीचं डॉलरचं चिन्ह विसरलात तर ओळीऐवजी कुठलेतरी भलतेच खाने रंगतील, किंवा काहीच रंगणार नाही. रंग फिका लाल घ्या. गडद घेतला तर आतली अक्षरं वाचता येत नाहीत, आणि शाळेच्या काळ्यापांढऱ्या प्रिंटरवर नुसता डाग उमटतो. म्हणूनच 'कमी' हा शब्दही ठेवला आहे, एकट्या रंगावर भिस्त ठेवलेली नाही.

सुट्टीचे स्तंभ करडे करायचे असतील तर C3:AG64 साठी दुसरा नियम `=C$3=0`. हा ऐच्छिक आहे, पण हजेरी भरताना नजर चुकत नाही.

महिना लाल, पण वर्षाचं काय?

मंडळाची अट एका महिन्याची नसते, एकूण उपस्थितीची असते. महिन्याचा 'कमी' हा इशारा समजायचा. खरा हिशोब वेगळ्या पानावर करायला हवा, आणि नेमका तिथेच सगळ्यात जास्त मारला जाणारा शॉर्टकट चुकतो.

एक मुलगा घेऊ. शाळा १६ जूनला उघडली. जूनमध्ये कामाचे १३ दिवस, तो १२ दिवस आला: ९२.३ टक्के. जुलैत २७ पैकी २०: ७४.१ टक्के. ऑगस्टमध्ये १९ पैकी १२: ६३.२ टक्के. या तीन टक्क्यांची सरासरी काढली तर ७६.५ येते आणि मुलगा सुखरूप दिसतो. आता दिवस मोजा. एकूण ५९ पैकी ४४, म्हणजे ७४.५८ टक्के. तो कमी आहे. जून तेरा दिवसांचा आणि जुलै सत्तावीस दिवसांचा, पण सरासरीने दोघांना सारखंच वजन दिलं, म्हणून जूनची चांगली हजेरी आहे त्यापेक्षा मोठी दिसली. महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी कधीच काढू नका. दिवसांची बेरीज करा आणि शेवटी एकदाच भागा.

याच मुलाचा दुसरा घोटाळा दशांशाचा. ७४.५८ ला दशांश न दाखवता ठेवलं तर शीट ७५% दाखवते. शेरा मात्र 'कमी' येतो, कारण सूत्र आतला खरा आकडा तपासतं. पालक विचारतात, "पंचाहत्तर तर दिसतायत, मग कमी का?" एक दशांश दाखवला की हा प्रश्न उद्भवत नाही. आणि सूत्रात ROUND घालून त्याला वर ढकलू नका. ५९ दिवसांना ७५ टक्के म्हणजे ४४.२५ दिवस, ४४ दिवसांत ते भरत नाहीत.

`एकूण` नावाचं पान घ्या. रचना तीच: B2 मध्ये 75%, पाचव्या ओळीपासून A मध्ये क्रमांक, B मध्ये नाव. C5 मध्ये एकूण हजर दिवस:

```
=SUMIF('जून'!$A$5:$A$64,$A5,'जून'!$AH$5:$AH$64)
+SUMIF('जुलै'!$A$5:$A$64,$A5,'जुलै'!$AH$5:$AH$64)
+SUMIF('ऑगस्ट'!$A$5:$A$64,$A5,'ऑगस्ट'!$AH$5:$AH$64)
```

D5 मध्ये हेच, फक्त AH च्या जागी AI. दर महिन्याला एक ओळ वाढवायची. सरळ `'जून'!AH5+'जुलै'!AH5` लिहिता आलं असतं. पण जुलैत कुणी नवं मूल आलं आणि त्याची ओळ मध्ये घातली, की त्याखालच्या प्रत्येकाच्या जुलैच्या हजेरीत शेजाऱ्याची जूनची हजेरी मिसळते. हजेरी क्रमांकावरून शोधलं की ओळी कुठेही हलल्या तरी चालतं. एकच अट: वर्षाच्या मध्ये कुणाचा क्रमांक बदलायचा नाही, नव्या मुलाला शेवटचा क्रमांक द्यायचा.

E5 मध्ये टक्के, F5 मध्ये शेरा, आणि G5 मध्ये पालकांना सगळ्यात उपयोगी पडणारा आकडा, म्हणजे अटीपर्यंत पोचायला इथून पुढे सलग किती दिवस यावं लागेल:

```
E5:  =IF(D5=0,"",C5/D5)
F5:  =IF(D5<6,"",IF(E5<$B$2,"कमी",""))
G5:  =IF(F5="कमी",ROUNDUP(($B$2*D5-C5)/(1-$B$2),0),"")
```

वरच्या मुलाला उत्तर येतं 1. उद्या तो आला की ६० पैकी ४५, बरोबर ७५ टक्के. पण त्याच्याच वर्गात ५९ पैकी ३८ दिवस आलेली मुलगी असेल तर तिच्यासमोर 25 येईल. दोघांच्या ओळी सारख्याच लाल, पण एकाला वर्गात बोलावून सांगितलं तरी पुरे, दुसरीच्या घरी फोन करावा लागतो. ७५ टक्क्यांच्या अटीत हे गणित फार निर्दय आहे: काठावरच्या मुलाची एक गैरहजेरी भरून काढायला सलग तीन दिवस यावं लागतं. G मधला आकडा वर्षाच्या उरलेल्या कामाच्या दिवसांपेक्षा मोठा झाला, तर नियमित येऊनही अट पूर्ण होणार नाही. ते फेब्रुवारीत कळण्यापेक्षा सप्टेंबरमध्ये कळलेलं बरं.

पुढचा महिना

ऑगस्टच्या पानाच्या नावावर उजवं बटण दाबून Duplicate करा, नाव `सप्टेंबर` ठेवा, B1 मध्ये `1/9/2025` लिहा आणि C5:AG64 मधल्या खुणा पुसा. तेवढाच भाग पुसायचा. वरच्या दोन ओळी आणि उजवीकडचे स्तंभ चुकून पुसले जाऊ नयेत म्हणून C3:AG4 आणि AH5:AL64 निवडून Data > Protect sheets and ranges मधून कुलूप लावून ठेवा. एकाच शीटवर दोन-तीन शिक्षक हजेरी भरत असतील तर हे करावंच लागतं.

नक्कल केल्यावर पुन्हा तेच करा: तिसऱ्या ओळीची बेरीज काढा आणि कॅलेंडरशी जुळवा. आणि महिनाअखेरीला ६५ व्या ओळीत C65 मध्ये हे टाकून उजवीकडे ओढा:

```
=IF(C$3=1,COUNTIF(C5:C64,"ह"),"")
```

ही रोजची हजेरी. शाळेच्या कागदी हजेरीपटात दिवसाच्या खाली जी बेरीज लिहिलेली असते तिच्याशी हा आकडा जुळायला हवा. ज्या तारखेला जुळत नाही, त्या एका स्तंभात चूक आहे. साठ ओळी चाळायची गरज पडत नाही.